ऑफर लेटर, बँकेचं स्टेटमेंट आणि टोरंटोतलं पहिलं भाड्याचं घर

पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेऊन कॅनडात नव्याने उतरलेल्या माणसाचा क्रेडिट स्कोअर चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, तो नसतोच. इथे इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा दोन कंपन्या प्रत्येकाच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवतात आणि 300 ते 900 मधला एक आकडा देतात. भारतातल्या सिबिलच्या नावापुढे ट्रान्सयुनियन असलं, तरी तिथला चांगला स्कोअर आपोआप इथे येत नाही. एजंटने माझा रिपोर्ट काढायचा प्रयत्न केला तेव्हा माझ्या नावाची फाइलच सापडली नाही. कर्ज बुडवलेल्या माणसाची निदान फाइल तरी असते. माझ्याबद्दल घरमालकाला काहीच कळत नव्हतं, आणि माहितीच नसेल तर मालक सहसा नकार देतो.

टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत घर भाड्याने घ्यायचं तर बहुतेक एजंट एक ठरलेला अर्ज भरून घेतात. त्यात आधीच्या दोन घरांचे पत्ते, तिथल्या मालकांची नावं आणि फोन, नोकरीची माहिती, ओळखीच्या माणसांचे संदर्भ असे रकाने असतात. सोबत क्रेडिट रिपोर्ट जोडायचा. माझे आधीचे दोन्ही पत्ते भारतातले. तिथल्या मालकांना फोन करायचा तर वेळेचं गणित जमत नाही, आणि जमलं तरी पलीकडे बोलणारा माणूस खरंच मालक आहे की माझा मामा, हे इथल्या माणसाने कसं ओळखायचं? मला त्यांचा संशय रास्त वाटतो. म्हणून संदर्भांच्या जागी मी दुसरं काहीतरी ठेवायचं ठरवलं: नोकरीचं ऑफर लेटर आणि बचतीचं स्टेटमेंट.

सुरुवातीला भेटलेल्या एका एजंटने या दोन कागदांकडे न बघताच एक तोडगा सुचवला. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, क्रेडिट रिपोर्टचं काही अडणार नाही. नव्याने आलेल्यांना हे सर्रास सांगितलं जातं आणि घाबरून बरेच जण देतातही. ऑन्टारियोचा 2006 चा भाडेकरार कायदा याबाबत स्पष्ट आहे. मालक अनामत म्हणून जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं मागू शकतो, आणि ती रक्कम फक्त शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटीच वापरता येते. मोडतोडीसाठी वेगळं डिपॉझिट घेता येत नाही. किल्लीसाठी परत मिळणारी रक्कम घेता येते, पण नवी किल्ली बनवायला लागतील त्याहून जास्त पैसे नाहीत. पुढच्या तारखांचे चेक द्याच अशी सक्तीही करता येत नाही. भाडेकरूने आपणहून जास्त पैसे पुढे केले तर काय, यावर वाद होतात. पण माझ्यासाठी प्रश्न कायद्याच्याही आधीचा होता. परक्या देशात हातातली बचत हेच माझं एकमेव कवच होतं. त्यातलं अर्धं एका अनोळखी माणसाच्या खात्यात टाकून मी जास्त भरवशाची भाडेकरू कशी होणार होते? उलट, नोकरीत काही झालं असतं तर सातव्या महिन्याचं भाडं द्यायला माझ्याकडे कमी पैसे उरले असते. बचत दाखवायची, हातातून सोडायची नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

मग टोरंटोच्याच स्कारबरो भागात एका घराचं तळघर बघायला मिळालं. वेगळं दार, स्वतःचं स्वयंपाकघर आणि बाथरूम, भाडं महिना 1,800 डॉलर. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई स्वतः राहत होत्या. बोलता बोलता त्यांनी त्यांची भीती मोकळेपणाने सांगितली. आधीच्या भाडेकरूने भाडं देणं बंद केलं होतं. इथे मालक स्वतः कुणाला बाहेर काढू शकत नाही. नोटीस द्यायची, मग लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे अर्ज करायचा आणि सुनावणीची वाट बघायची. त्यात महिनेच्या महिने जातात आणि घराच्या कर्जाचा हप्ता मात्र मालकाच्या खात्यातून दर महिन्याला जातच राहतो. बाईंनी ते सगळं भोगलं होतं.

"तुम्ही चांगल्या वाटता," त्या म्हणाल्या. "पण तोही चांगलाच वाटला होता."

त्यांचं हे वाक्य माझ्या फार कामाला आलं. संदर्भ मागणारा माणूस खरं तर तीन वेगळे प्रश्न विचारत असतो, हे त्यामुळे माझ्या लक्षात आलं. या बाईला भाडं देणं परवडेल का? परवडत असलं तरी ती वेळेवर देईल का? आणि घर नीट ठेवेल का? जुन्या मालकाचा एक फोन तिन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो. ऑफर लेटर आणि बचत मात्र वरवर बघता फक्त पहिल्याचंच उत्तर देतात. नवीन लोक हे दोन कागद पुढे करतात आणि तरीही नकार मिळाला की गोंधळून जातात, ते बहुधा यामुळेच. म्हणून मी तिन्ही प्रश्नांसाठी कागद लावायला बसले.

आधी ऑफर लेटर. एका कारखान्यात मेकॅनिकल डिझायनरची पूर्णवेळ, कायम नोकरी, वर्षाला 72,000 डॉलर, रुजू व्हायची तारीख 15 सप्टेंबर. कंपनीचं लेटरहेड, एचआरमधल्या बाईंचं नाव, हुद्दा आणि सही, सगळं जागच्या जागी होतं. पण खालच्या एका परिच्छेदात लिहिलं होतं की ही ऑफर संदर्भांची आणि पार्श्वभूमीची तपासणी समाधानकारक झाल्यावरच पक्की होईल. ऑफर लेटरमध्ये हे वाक्य नेहमीचंच असतं आणि उमेदवाराचं तिकडे लक्षही जात नाही. मालकीणबाईंच्या एजंटने मात्र बोट नेमकं त्यावरच ठेवलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं, कारण अट पूर्ण होईपर्यंत तो कागद म्हणजे नोकरी नव्हे.

तपासणी तोवर झालेली होती, फक्त तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी एचआरला मेल करून चार ओळींचं पत्र मागितलं: सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत, पद कायम आणि पूर्णवेळ आहे, पगार इतका आहे, रुजू होण्याची तारीख ही. शिवाय पगार किती दिवसांनी होतो आणि पहिला पगार कोणत्या तारखेला जमा होईल, हेही त्यात लिहायची विनंती केली. असं पत्र एचआरवाले खळखळ न करता देतात, त्यांना त्याची सवय असते. माझ्या अनुभवात या छोट्या पत्राचं वजन मूळ ऑफर लेटरपेक्षा जास्त पडलं.

पहिल्या पगाराची तारीख मी मुद्दाम मागितली होती. वर्षाला 72,000 म्हणजे महिन्याला 6,000, आणि 1,800 भाडं म्हणजे त्याच्या बरोबर 30 टक्के. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात कर, पेन्शन योजना आणि रोजगार विम्याचे पैसे कापून हातात सुमारे साडेचार हजार येणार होते, म्हणजे भाडं हातातल्या पगाराच्या 40 टक्के. तरीही निभणारं होतं. खरी अडचण सुरुवातीच्या आठवड्यांत होती. करार 1 सप्टेंबरपासून, नोकरी 15 तारखेपासून. कंपनी दर दुसऱ्या शुक्रवारी पगार करायची आणि माझा पहिला पगार 3 ऑक्टोबरला येणार होता. म्हणजे सप्टेंबरचं भाडं, शेवटच्या महिन्याची अनामत आणि 1 ऑक्टोबरचं भाडं, असे 5,400 डॉलर पगाराचा एक सेंटही हातात पडण्याआधी द्यायचे होते. ऑफर लेटर कितीही भक्कम असलं तरी ही फट ते भरू शकत नाही. बचतीचं स्टेटमेंट लागतं ते इथे. दोन्ही कागद एकत्र का द्यायचे, हे मला या हिशोबाने समजलं आणि मालकीणबाईंनाही याच हिशोबाने समजावता आलं.

माझ्या कॅनडातल्या खात्यात 22,400 डॉलर होते. पगाराआधीचे 5,400 वजा केले तर 17,000 उरतात. म्हणजे उद्या नोकरी गेली तरी नऊ महिन्यांचं भाडं शिल्लक. ही वजाबाकी मी अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहून टाकली, तारखांसकट. स्टेटमेंट नुसतं जोडलं की वाचणाऱ्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो, आणि त्या आकड्यातून तुम्ही किती महिने तग धरू शकता हे त्याने स्वतः काढावं अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

या स्टेटमेंटमध्ये एक शंकेची जागा होती आणि ती मी आधीच मोकळी करून ठेवली. खातं नवं, त्यात एक भलीमोठी रक्कम एका झटक्यात जमा झालेली आणि त्याआधी काहीच व्यवहार नाहीत. मालक लोक अशा स्टेटमेंटला बिचकतात, कारण कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे उसने घेऊन शिल्लक फुगवून दाखवणारेही असतात. म्हणून मी त्या रकमेचा माग लावून दिला. भारतातल्या बँकेने पैसे पाठवल्याची पावती, तिच्यावरची तारीख आणि रक्कम, आणि इथल्या खात्यात तेवढेच पैसे जमा झाल्याची ओळ. शिवाय इमिग्रेशनच्या वेळी पुरेसा निधी असल्याचा पुरावा म्हणून भारतीय बँकेकडून घेतलेलं पत्र होतंच. त्या पत्रात खातं कधी उघडलं, सध्याची शिल्लक किती, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती आणि कर्ज काही आहे का, एवढं सगळं बँकेच्या लेटरहेडवर असावं लागतं. एक्सप्रेस एंट्री या इमिग्रेशनच्या मार्गाने आलेल्या बऱ्याच जणांकडे हे पत्र पडलेलं असतं आणि पीआर मिळाल्यावर ते फाइलच्या तळाशी जातं. सहा महिन्यांच्या सरासरीमुळे पैसे उसने नाहीत, साठवलेले आहेत, हे एका नजरेत कळतं. पत्रातले आकडे रुपयांत होते, म्हणून त्या दिवशीच्या दराने डॉलरमधला आकडा मी पेन्सिलने बाजूला लिहिला. मूळ कागदावर शाईने काही लिहायचं नाही, कारण फेरफार केल्यासारखं दिसतं.

पहिला प्रश्न इथे मिटला. दुसऱ्याचं, म्हणजे वेळेवर भाडं देईल का याचं उत्तर मला अनपेक्षित जागी सापडलं. भारतातल्या पगाराच्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट चाळताना दिसलं की दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकाच नावाने तेवढीच रक्कम जात होती. ते माझं तिथलं घरभाडं. म्हणजे जुन्या मालकाचा फोन नसला तरी त्याला भाडं पोचल्याची नोंद बँकेने छापून ठेवलेली होती, आणि तीही अशा कुणीतरी ज्याला माझ्याबद्दल चांगलं बोलण्यात काही रस नव्हता. त्या बारा ओळींवर मी पिवळी खूण केली आणि सोबत नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराचं पहिलं आणि सह्यांचं पान जोडलं, कारण तिथलं मालकाचं नाव आणि भाड्याची रक्कम स्टेटमेंटशी जुळत होती. ज्यांनी भाडं रोखीने दिलं असेल त्यांच्याकडे हा पुरावा नसेल. पण दर महिन्याला खात्यातून जाणारा कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता किंवा वीजबिल असेल, तर त्या ओळीही ठरल्या दिवशी पैसे देण्याची सवय दाखवतात.

तिसऱ्या प्रश्नावर, घर नीट ठेवण्यावर, माझ्याकडे कागद नव्हता. तिथे मी एवढंच केलं की भाडेकरूचा विमा उतरवीन आणि किल्ली घ्यायच्या आधी त्याचं प्रमाणपत्र देईन, असं पत्रात लिहिलं. माझ्या हातून पाणी सांडून किंवा आग लागून नुकसान झालं तर त्याची जबाबदारी असा विमा उचलतो. वागणुकीची हमी तो देत नाही, पण मालकाच्या डोक्यातला एक मोठा घोर कमी करतो.

काय द्यायचं नाही हेही तेवढंच महत्त्वाचं होतं. अर्जात नोकरी आणि करासाठी मिळणाऱ्या सोशल इन्शुरन्स नंबरचा रकाना होता, तो मी रिकामा ठेवला. घर भाड्याने देण्यासाठी तो नंबर लागत नाही, आणि चुकीच्या हाती पडला तर आपल्या नावावर कर्ज निघू शकतं. नव्याने आलेल्या माणसाच्या नावावर तर आधीची काही फाइलच नसते, त्यामुळे कुणी पहिलीच खोटी नोंद केली तरी लगेच कळत नाही. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकले. प्रत्येक पानावर तिरप्या फिक्या अक्षरांत छापलं की ही प्रत फक्त अमुक पत्त्याच्या भाडे अर्जासाठी आहे, आणि खाली तारीख. रकमा, तारखा आणि माझं नाव मात्र कुठेही झाकलं नाही. ते झाकलं की कागद निरुपयोगी होतो. आणि घर आतून बघितल्याशिवाय, मालक किंवा त्याचा एजंट खरा असल्याची खात्री झाल्याशिवाय ही कागदपत्रं कुणालाही पाठवली नाहीत. खोट्या जाहिराती टाकून नव्या लोकांकडून अशीच कागदं आणि आगाऊ पैसे उकळणारे इथे आहेत.

मालकीणबाईंच्या एजंटने तपासणी केली तीही शिकण्यासारखी होती. त्याने ऑफर लेटरवरच्या नंबरवर फोन केलाच नाही. कंपनीच्या वेबसाइटवरून मुख्य नंबर शोधला, तिथून एचआरला जोडून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की या नावाची व्यक्ती या तारखेला या पदावर रुजू होणार आहे का. त्याला पगार विचारायचा होता, पण एचआरने माझ्या लेखी संमतीशिवाय सांगायला नकार दिला. सुदैवाने मी एचआरला आधीच मेल करून ठेवला होता की अशा चौकशीचा फोन येईल आणि पगाराची पुष्टी द्यायला माझी हरकत नाही. तो मेल त्यांना सापडला आणि काम झालं. तो नसता तर एजंटच्या वहीत "पगाराची पुष्टी झाली नाही" अशी नोंद झाली असती आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता. बँकेच्या स्टेटमेंटसाठी त्याने वेगळीच युक्ती केली. पीडीएफवर विश्वास न ठेवता मला त्याच्यासमोर फोनवर बँकेचं अॅप उघडायला सांगितलं. मी फोन हातातून न सोडता शिल्लक आणि ती मोठी जमा दाखवली. आकडे जुळले.

"क्रेडिट रिपोर्ट रिकामाच आहे ना अजून?" मालकीणबाईंनी शेवटी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तो भरायला मला इथे राहायला जागा लागेल."

ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाची भूमिका अशी आहे की क्रेडिट किंवा भाड्याचा इतिहास नसणं ही भाडेकरूविरुद्धची बाब मानू नये. मला ते ठाऊक होतं, पण त्या संभाषणात मी ते काढलं नाही. समोर बसलेली बाई भेदभाव करत नव्हती, ती एकदा पोळलेली होती. जो एजंट कागद न बघताच सहा महिन्यांचे पैसे मागत होता, त्याच्यासमोर तो मुद्दा काढणं योग्य ठरलं असतं.

करार ऑन्टारियोच्या प्रमाणित नमुन्यावर झाला. एप्रिल 2018 नंतरच्या बहुतेक खासगी भाडेकरारांना तोच वापरावा लागतो, त्यामुळे त्यातली कलमं आधीच घरी बसून वाचता येतात. पहिल्या महिन्याचे 1,800 आणि शेवटच्या महिन्याचे 1,800, असे 3,600 मी बँक ड्राफ्टने दिले आणि दोन वेगळ्या पावत्या घेतल्या. शेवटच्या महिन्याच्या रकमेवर मालकाने दरवर्षी व्याज द्यायचं असतं, ते त्या वर्षी सरकारने ठरवलेल्या भाडेवाढीच्या टक्केवारीइतकं. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. सह्या झाल्यावर मी त्यांच्या एजंटला लेखी विनंती केली की माझी बँकेची कागदं आता नष्ट करावीत, आणि त्याने तसं केल्याचं मेलवर कळवलं.

हा मार्ग प्रत्येकाला असाच लागू पडेल असं मी म्हणणार नाही. ऑफर तासाच्या दरावर असेल आणि किती तास मिळतील हे लिहिलेलं नसेल, तर त्यावरून महिन्याचा आकडा निघत नाही. अशा वेळी मालक बचतीकडेच बघतो आणि ती जास्त लागते. सहा महिन्यांच्या कंत्राटावर वर्षाचा करार मागितला तर उरलेल्या सहा महिन्यांचं काय, हा प्रश्न येणारच. तिथे इथला पगारदार जामीनदार किंवा आधी एखादी खोली महिन्याच्या बोलीवर घेऊन काही महिने काढणं जास्त जमतं. बचत जर तीन-चार महिन्यांच्याच भाड्याएवढी असेल, तर माझ्यासारखा वजाबाकीचा हिशोब लिहून देण्यापेक्षा कमी भाड्याचं घर बघितलेलं बरं, कारण तो हिशोब तेव्हा मालकाला धीर देण्याऐवजी घाबरवतो.

घर मिळाल्यावर मी बँकेकडून नव्याने आलेल्यांना मिळणारं क्रेडिट कार्ड घेतलं, दर महिन्याला त्यावर थोडा खर्च केला आणि पूर्ण बिल भरत गेले. काही महिन्यांनी इक्विफॅक्सकडे माझ्या नावाची फाइल तयार झाली. भाडं मात्र त्या फाइलमध्ये आपोआप येत नाही, एखाद्या सेवेमार्फत ते कळवलं तरच येतं. म्हणून दर 1 तारखेला भाडं पाठवलं की त्याची पावती मी एका फोल्डरमध्ये ठेवते, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर मालकीणबाईंकडून इथल्या पत्त्याचं आणि इथल्या फोन नंबरचं एक संदर्भपत्र लिहून घ्यायचं आधीच बोलून ठेवलं आहे.